स्वरद्वाराचा जाबजबाब

शरीररचनाशास्त्राच्या तोंडी परीक्षेत परीक्षकाने तबकातील स्वरयंत्राचा नमुना उचलून हाती दिला, की बहुधा परीक्षार्थी नऊ कूर्चांची नामावळी सांगू लागतो. तीन एकेकट्या, तीन जोडीच्या, असा हिशेब चोख मांडतो. मग स्नायूंची, मग मज्जातंतूंची यादी पुरी करतो आणि शेवटी ‘महत्त्व’ या मथळ्याखाली चार रोगांची नावे घेऊन मोकळा होतो. या उत्तरात असत्य काही नसते, परंतु परीक्षकाने, “मग थायरॉइडच्या शस्त्रक्रियेनंतर एखाद्या रोग्याचा आवाज जवळजवळ पूर्ववत असूनही त्याचा श्वास का कोंडतो?” असा एकच प्रश्न टाकला, तर ती सारी नामावळी जागच्या जागी थिजते. ज्या उत्तरातून या प्रश्नाचा उलगडा आपोआप होतो, असे एक आदर्श उत्तर येथे मांडावयाचे आहे.

त्या उत्तराचे पहिले वाक्य स्वरयंत्राच्या कर्तव्यांविषयी असावे. जिभेच्या मुळाखाली आणि श्वासनलिकेच्या माथ्यावर, प्रौढ पुरुषात मानेच्या तिसऱ्या ते सहाव्या मणक्यांच्या समोर वसलेला हा अवयव प्रथम श्वासमार्गाचा पहारेकरी आहे. घास गिळताना मिटणे, श्वास घेताना उघडणे आणि खोकताना वा ओझे उचलताना छातीतील हवा कोंडून धरणे ही त्याची मूळ कामे. मिटलेल्या कडांमधून हवा कंपित करून स्वर काढणे हे त्याच यंत्रणेवर पुढे उभे राहिलेले काम. प्राण्यांच्या स्वरयंत्रांचा तौलनिक अभ्यास करून व्हिक्टर नेगस या ब्रिटिश कंठतज्ज्ञाने १९२९ साली आपल्या ग्रंथात हाच अनुक्रम प्रतिपादिला होता. तो मनात ठेवला, म्हणजे पुढील सारी रचना एका फटीच्या उघडझापीचा वृत्तान्त ठरते. दोन स्वररज्जूंमधील त्या फटीस स्वरद्वार म्हणतात.

आता कूर्चा. समोरची ढालीसारखी थायरॉइड कूर्चा बोटाला सहज लागते. तिच्या दोन पत्र्यांमधील कोन पुरुषात सुमारे ९० अंशांचा आणि स्त्रीत सुमारे १२० अंशांचा असल्यामुळे पुरुषाच्या गळ्यावर उंचवटा दिसतो आणि त्याच्या स्वररज्जूही लांब असतात. तिच्याखालील क्रायकॉइड ही श्वासमार्गातील एकमेव संपूर्ण वर्तुळाकार कूर्चा असून, खडा मागे फिरवलेल्या अंगठीप्रमाणे ती पुढे अरुंद व मागे रुंद असते. या दोहोंच्या मधले पटल त्वचेच्या अगदी जवळ असल्याने, वरचा मार्ग एकाएकी बंद झाला आणि नळी घालणे अशक्य झाले, तर प्राण वाचविण्यासाठी छेद तेथेच घेतात. एपिग्लॉटिस ही पानाच्या आकाराची, लवचीक, उतारवयातही अस्थी न होणारी कूर्चा. आणि कॉर्निक्युलेट व क्युनिफॉर्म या चिमुकल्या जोड्यांचा नामोल्लेख पुरेसा आहे.

वेळ खर्चावा तो ॲरिटेनॉइडच्या जोडीवर. क्रायकॉइडच्या मागील रुंद भागाच्या वरच्या कडेवर या दोन छोट्या, त्रिकोणी पिरॅमिडाकृती कूर्चा बसलेल्या असतात. प्रत्येकीचे पुढचे टोक स्वररज्जूला जोडलेले आणि बाहेरचे टोक स्नायूंना आधार देणारे. स्वररज्जू पुढे थायरॉइड कूर्चेच्या कोनाला बांधलेली व तेथे अचल असल्यामुळे, स्वरद्वार उघडणार की मिटणार याचा निर्णय मागील बाजूस, या दोन कूर्चांच्या फिरण्या-सरकण्यावर अवलंबून राहतो. परीक्षार्थ्याने हे सांगितले, म्हणजे स्नायूंची यादी पाठ करण्याचे कारणच उरत नाही; बाहेरचे टोक कोणत्या दिशेस ओढले जाते एवढे पाहिले, की उघडणाऱ्या-मिटविणाऱ्या मुख्य स्नायूंचे कार्य कळते.

पोस्टीरियर क्रायकोॲरिटेनॉइड हा स्नायू क्रायकॉइडच्या पाठीवरून निघून ॲरिटेनॉइडचे बाहेरचे टोक मागे ओढतो; त्यासरशी पुढचे टोक बाहेर वळते आणि स्वरद्वार उघडते. हे काम करणारा दुसरा स्नायू शरीरात नाही. उलट मिटविणारे अनेक : लॅटरल क्रायकोॲरिटेनॉइड तेच टोक पुढे ओढतो, दोन ॲरिटेनॉइडांमधला आडवा स्नायू त्यांना परस्परांजवळ आणतो आणि थायरोॲरिटेनॉइड रज्जूस शिथिल करीत आत ढकलतो. क्रायकोथायरॉइड मात्र बाहेरच्या अंगास बसलेला असून, क्रायकॉइड आणि थायरॉइड यांच्यातील पुढचे अंतर कमी करून रज्जूस लांबवितो व ताणतो. तारस्वर त्याच्या भरवशावर निघतात आणि त्याच्या ताणाने रज्जू किंचित मध्याकडेही येते. उघडणारी एकच जोडी आणि मिटविणारा सगळा जमाव, हा असमतोल पुढे रोग्याच्या खाटेपाशी उपयोगी पडतो.

या मुलखात अंमल दोन मज्जातंतूंचा चालतो आणि दोन्ही व्हेगसच्या शाखा आहेत. वरच्या बाजूने येणारी सुपीरियर लॅरिंजियल शाखा दोन फाट्यांत विभागते : आतील फाटा स्वररज्जूंच्या वरच्या अस्तराची संवेदना सांभाळतो, म्हणूनच पाण्याचा थेंब वाट चुकला तर ठसका लागतो, बाहेरील फाटा एकट्या क्रायकोथायरॉइडला चालवितो. बाकी सर्व अंतःस्थ स्नायू आणि रज्जूंच्या खालची संवेदना खालून वर येणाऱ्या रिकरंट लॅरिंजियलच्या हद्दीत मोडतात. हा मज्जातंतू उजवीकडे सबक्लेव्हियन धमनीला आणि डावीकडे छातीत उतरून महाधमनीच्या कमानीला वळसा घालतो व श्वासनलिका आणि अन्ननलिका यांच्यामधल्या खोबणीतून पुन्हा गळ्यात चढतो. गर्भात या धमन्या कंठाच्या अगदी लगत असतात. हृदय छातीत उतरताना त्या आपल्याबरोबर मज्जातंतूलाही खाली ओढून नेतात, म्हणून हा लांबचा फेरा. दुसऱ्या शतकात गॅलेनने रोममध्ये जिवंत डुकराचे हे मज्जातंतू बांधून त्याचे किंचाळणे जागच्या जागी बंद करून दाखविले होते.

आता मूळ प्रश्नाकडे वळू. प्रातिनिधिक उदाहरण म्हणून, चाळिशी ओलांडलेल्या एका स्त्रीचा मोठा गलगंड काढण्यासाठी संपूर्ण थायरॉइड ग्रंथी काढली आहे, असे समजा. भूल उतरून श्वासनलिकेतील नळी काढताच श्वास आत घेताना शिट्टीसारखा कर्कश आवाज येऊ लागतो, मानेचा खळगा प्रत्येक श्वासागणिक आत ओढला जातो. परंतु नाव विचारले, तर ती स्पष्ट स्वरात सांगते. आवाज शाबूत आहे म्हणून मज्जातंतूही शाबूत असतील असा निष्कर्ष येथे काढणे घातक ठरते. दोन्ही रिकरंट मज्जातंतू दुखावले, तर उघडणारी एकमेव जोडी निकामी होते. वरून येणारा बाहेरील फाटा वाचलेला असल्याने क्रायकोथायरॉइड मात्र रज्जूंना ताणून मध्याजवळ धरून ठेवतो. जवळ आलेल्या, ताणलेल्या रज्जू स्वराला अनुकूल. श्वासाला मात्र त्यांच्यामध्ये वाट उरत नाही.

याच्या उलट, एकाच बाजूचा मज्जातंतू गेला तर आवाज घोगरा होतो, खोकल्यात जोर राहत नाही, पाणी पिताना ठसका लागतो. पण निरोगी रज्जू मोकळी उघडत असल्याने श्वास सहसा कोंडत नाही आणि कालांतराने ती मध्यरेषा ओलांडून दुसरीला भेटू लागली, की आवाजही सुधारतो. म्हणजे अर्धी इजा आवाजात ऐकू येते आणि पुरी इजा श्वासात. आंशिक इजेत उघडणारे तंतू आधी दुबळे होतात, असा नियम फेलिक्स सेमनने १८८१ मध्ये मांडला. त्यामागील कारणमीमांसेविषयी मतभेद राहिले असले, तरी परीक्षार्थ्याने तो सांगून ही मर्यादाही नोंदवावी.

श्वास कोंडण्याची अन्य कारणे तपासल्याखेरीज हे उत्तर पुरे होत नाही. मान फुगून टणक झाली असेल आणि त्रास शस्त्रक्रियेनंतरच्या काही तासांत वाढत गेला असेल, तर जखमेत रक्त साचले आहे. तेथे तपासण्यांची वाट न पाहता टाके खाटेवरच उसवावे लागतात. ओठांभोवती व बोटांच्या टोकांना मुंग्या येऊन एकदोन दिवसांनी कंठ आवळला, तर पॅराथायरॉइड ग्रंथी दुखावून रक्तातील कॅल्शियम उतरले आहे. त्यास शिरेतून कॅल्शियम द्यावे लागते. नळी काढताक्षणी सुरू झालेला त्रास, मऊ मान आणि दुर्बिणीतून मध्याजवळ निश्चल दिसणाऱ्या दोन रज्जू, हे त्रिकूट मज्जातंतूंकडे बोट दाखविते. अशा वेळी नळी पुन्हा घालावी, निभाव लागत नसेल तर श्वासनलिकेस छिद्र करावे. मज्जातंतू नुसता ताणला गेला असेल, तर तो महिन्यांच्या अवधीत सावरू शकतो. म्हणून रज्जूचा वा ॲरिटेनॉइडचा भाग कापून वाट कायमची रुंद करण्याचा निर्णय बहुधा सहा महिने ते वर्षभर लांबणीवर टाकतात, कारण जितकी वाट रुंद करावी तितका आवाज कायमचा उणावतो.

ही इजा टाळावी कशी, या प्रश्नाचे उत्तर ग्रंथीच्या रक्तवाहिन्यांत आहे. रिकरंट मज्जातंतू ग्रंथीच्या खालच्या धमनीला कधी पुढून, कधी मागून, तर कधी तिच्या फांद्यांमधून ओलांडतो. म्हणून धमनी बांधण्यापूर्वी मज्जातंतू डोळ्यांनी पाहावा. पूर्वी त्याला हात न लावता दूर राहण्यातच सुरक्षितता मानणारे शल्यविशारद पुष्कळ होते. १९३८ साली बोस्टनच्या फ्रँक लेही यांनी तो शोधून उघडा करून पाहण्याचा आग्रह धरला आणि पुढे तोच शिरस्ता झाला. वरची धमनी मात्र ग्रंथीला चिकटून बांधावी, कारण बाहेरील फाटा तिच्या सोबतीने उतरत येतो. तो गेला तर श्वास सुरक्षित राहतो, साधे बोलणेही चालते. पण तारस्वर लागत नाहीत आणि आवाज लवकर थकतो. गायक-गायिकांच्या बाबतीत ही हानी उपजीविकेची हानी ठरते.

स्वररज्जू जिवंत माणसात पाहण्याची सोय खुद्द एका गायनशिक्षकानेच केली, हेही येथे सांगण्याजोगे. मॅन्युएल गार्सिया यांनी १८५४ साली दंतवैद्याचा छोटा आरसा घशात धरून, परावर्तित सूर्यप्रकाशात स्वतःच्या रज्जूंची हालचाल पाहिली आणि पुढील वर्षी तो वृत्तान्त लंडनच्या रॉयल सोसायटीपुढे गेला. त्या तपासणीमुळेच कंठातील लक्षणाचा माग गळ्याबाहेर काढता येऊ लागला. डावा मज्जातंतू छातीपर्यंत उतरत असल्याने फुप्फुसाच्या वरच्या भागातील कर्करोग, महाधमनीचा फुगवटा किंवा छातीतील सुजलेल्या लसीकाग्रंथी त्याला दाबू शकतात. व्हिएन्नाच्या ऑर्टनरने १८९७ मध्ये हृदयाची द्विदल झडप आकुंचित झालेल्या रोग्यांत डावी रज्जू पडल्याचे वर्णिले. ताणलेली फुप्फुस-धमनी आणि महाधमनी यांच्यामध्ये मज्जातंतू चिमटला जातो, अशी उपपत्ती पुढे रूढ झाली. संधिवाताच्या तापाने झडपा बिघडणे आपल्याकडे विरळा नसल्याने ही गोष्ट येथील विद्यार्थ्याने विसरू नये.

शेवटी परीक्षक बहुधा विचारील, “तीन आठवड्यांहून अधिक काळ घोगरेपणा टिकलेला, तंबाखू ओढणारा माणूस तुमच्यापुढे बसला, तर काय कराल?” आधी आरशाने वा दुर्बिणीने रज्जू पाहीन, असे उत्तर द्यावे. रज्जूवर गाठ वा व्रण दिसला, तर तुकडा काढून तपासणीस पाठवीन. रज्जूच्या कर्करोगात आवाज लवकर बिघडतो आणि तेथे लसीकावाहिन्या विरळ असल्याने रोग गळ्यातील ग्रंथींत उशिरा पोहोचतो, म्हणून ती वेळेवर झालेली तपासणी बरे होण्याची मोठी शक्यता देते. रज्जूचे अस्तर स्वच्छ, पण डावी रज्जू निश्चल असेल, तर गळ्याला औषध देत बसण्यापूर्वी छातीचे क्ष-किरण चित्र मागवीन. एवढे बोलून परीक्षार्थी थांबला, तर नऊ कूर्चांपैकी एखादीचे नाव राहून गेले असले, तरी परीक्षकाने ते वसूल करू नये.