खानावळीतून सात 'पी'

जेरोम मॅकार्थी यांनी १९६० मध्ये मांडलेल्या चार 'पीं'ना बूम्स आणि बिटनर यांनी १९८१ मध्ये सेवांसाठी आणखी तीन जोडले. सातही शब्द एकाच अक्षराने सुरू होतात, त्यामुळे आद्याक्षरांची युक्ती इथे निकामी ठरते. त्याऐवजी ग्राहकाची वाट धरा. तो खानावळ गाठतो (प्लेस), स्वच्छ टेबलं पाहतो (फिजिकल एव्हिडन्स), वाढप्याशी बोलतो (पीपल), कूपन घेऊन रांगेत थांबतो (प्रोसेस), थाळी जेवतो (प्रॉडक्ट), बिल देतो (प्राइस) आणि पुढच्या खेपेची सवलत सांगणारं पत्रक घेऊन निघतो (प्रमोशन).

शेवटच्या आठवड्यात पहिल्या दिवशी हे एका पानावर मांडा: डावीकडे शब्द, उजवीकडे खानावळीतलं उदाहरण. दुसऱ्या दिवशी पान झाकून कोऱ्या कागदावर लिहा आणि सुटलेलं लाल शाईने भरा. नुसतं पुन्हा वाचलं तर सगळं येतंय असा भास होतो. चौथ्या दिवशी तीच वाट दातांच्या दवाखान्याला लावा. तिथे बहुतेकांची प्लेस आणि फिजिकल एव्हिडन्समध्ये गल्लत होते. दवाखाना स्टेशनजवळ असणं ही प्लेस. भिंतीवरची पदवी, उपकरणांचं सीलबंद पाकीट हे एव्हिडन्स. 'दवाखान्याची जागा छान' एवढंच लिहिलं गेलं, तर शब्द पाठ झालेत, फरक कळलेला नाही.