साखरेची वही: उपाशी आकडा, जेवणानंतरचा आकडा आणि शेजारची टीप



आपण गटाची कीर्द कशी लिहितो? पैसे आले की त्याच बैठकीत, तारीख टाकून, कुणी दिले आणि कशाचे ते लिहितो. नुसती शिल्लक लिहून ठेवली तर चूक कुठे झाली ते कुणालाच सापडत नाही. घरात कुणाला डायबिटीस असेल तर त्यांच्या साखरेचंही तसंच आहे. दवाखान्यात गेल्यावर "साखर बरी असते हो" एवढंच सांगितलं, तर ती नुसती शिल्लक झाली. डॉक्टरांना व्यवहार बघायचे असतात.

त्यासाठी साधी शंभर पानी वही घ्या आणि चार रकाने आखा: तारीख, उपाशी साखर, जेवणानंतरची साखर आणि टीप. प्रत्येक आकड्याशेजारी वेळ लिहा.

दोन आकडे का लागतात?

उपाशी म्हणजे रात्रीच्या जेवणानंतर किमान ८ तास काही न खाता सकाळी पाहिलेली साखर. पाणी चालतं, चहा चालत नाही, बिनसाखरेचाही नाही. रात्रभर शरीर साखर कशी सांभाळतं ते या आकड्यातून कळतं.

जेवणानंतरची साखर पहिला घास घेतल्यापासून २ तासांनी बघायची. हात धुतल्यापासून मोजायचं नाही. त्या दिवशी रोजचंच जेवण करा आणि रोजची गोळी वेळेवर घ्या. "आज तपासणी आहे" म्हणून पुष्कळ जणी अर्धीच भाकरी खातात किंवा गोळी घेत नाहीत. मग आकडा त्या एका दिवसाचा येतो, रोजचा येत नाही.

मोठ्या माणसांसाठी साधारणपणे उपाशी साखर ८० ते १३० आणि जेवणानंतर १८० च्या आत असावी असं धरतात. गरोदर बाईसाठी ही मर्यादा आणखी कडक असते. खूप वय झालेल्यांना किंवा हृदयाचा, किडनीचा त्रास असलेल्यांना डॉक्टर वेगळी मर्यादा देतात. म्हणून आपल्या माणसासाठी कोणते आकडे धरायचे ते डॉक्टरांना विचारून वहीच्या पहिल्या पानावर लिहून घ्या.

एक वही उघडून बघू

समजा, तुमच्या सासूबाई ५८ वर्षांच्या आहेत. सकाळी न्याहारीबरोबर साखरेची गोळी घेतात. तीन महिन्यांची सरासरी सांगणारी एचबीए१सी तपासणी केली, तर ८.१ आली. घरचे म्हणतात, "सकाळची साखर तर कायम चांगली असते, मग हे कसं?" मग त्यांनी सहा दिवस वही लिहिली:

| तारीख | उपाशी | जेवणानंतर २ तासांनी | टीप |
|---|---|---|---|
| १ जुलै | ६:३० वा. ११८ | – | गोळी वेळेवर |
| २ जुलै | – | दुपारी ३ वा. २३८ | १ वाजता जेवण. कळण्याच्या ३ भाकरी, वर भात |
| ३ जुलै | ६:३० वा. १२२ | – | गोळी वेळेवर |
| ४ जुलै | – | रात्री १० वा. १७२ | ८ वाजता दीड भाकरी, वांग्याची भाजी. भात नाही |
| ५ जुलै | – | – | कपाशीत निंदणी, जेवण राहिलं. १:३० ला थरथर, घाम. साखर ६४. ३ चमचे साखर पाण्यातून दिली. १५ मिनिटांनी ९२, मग जेवल्या |
| ६ जुलै | ६:३० वा. ११५ | दुपारी ३ वा. २४१ | पाहुणे होते, भात दोनदा |

आता कोडं सुटतं. सकाळची साखर खरोखरच चांगली आहे. ती दुपारच्या जेवणानंतर चढते आणि त्यामुळे सरासरी वाढते. फक्त सकाळी तपासत राहिलं असतं तर हे कधीच दिसलं नसतं. ४ तारखेला भात नव्हता आणि भाकरी कमी होती, तेव्हा आकडा १८० च्या आत राहिला, हेही टीप होती म्हणून कळलं.

पण या वहीतली सगळ्यात मोलाची ओळ ५ तारखेची आहे. ती लिहिली नसती आणि डॉक्टरांनी नुसते २३८ आणि २४१ पाहिले असते, तर गोळी वाढवण्याचा विचार झाला असता. मग शेतात जेवण लांबलं की साखर ६४ च्याही खाली गेली असती आणि बाई बांधावर बेशुद्ध पडली असती. ती ओळ वाचल्यावर डॉक्टर आधी गोळी कोणती आहे, कामाच्या दिवशी ती कशी घ्यायची, दुपारचं जेवण दोन वेळांत वाटता येईल का, हे बघतात. तो निर्णय त्यांचाच. वही बघून आपण घरी गोळी वाढवायची नाही आणि सोडायचीही नाही.

आकडा फसवतो तेव्हा

केळी सोलली, आंबा चोखला, गूळ फोडला आणि तसंच बोट टोचलं, तर बोटावरची साखर रक्तात मिसळते आणि आकडा उगाच मोठा येतो. जळगावच्या केळी पट्ट्यात हे सहज घडतं. हात साबणाने धुवा, पूर्ण कोरडे करा, मग बोटाच्या कडेला टोचा. सुई दुसऱ्या कुणाची वापरू नका.

पट्ट्यांची डबी लगेच घट्ट बंद करा. मार्च ते मे आपल्याकडे पत्र्याखाली भट्टी असते. अशा उष्णतेत पट्ट्या खराब होतात आणि आकडे भलतेच येतात. घरातल्या सगळ्यात गार कोपऱ्यात त्या ठेवा आणि मुदतीची तारीख बघा. घरचं मशीन आणि लॅब यांच्या आकड्यांत थोडा फरक पडतोच, म्हणून ११८ चे १२५ झाले तर घाबरू नका.

आखाजीला आमरस आणि खापरावरची पुरणपोळी झाली, साखर २९० आली, तर तेही लिहा. टीपेत "आखाजी" एवढा शब्द पुरे. वाईट आकडे गाळलेली किंवा आदल्या रात्री आठवून भरलेली वही डॉक्टरांना चुकीच्या वाटेने नेते.

वही थांबवून दवाखाना गाठायचा केव्हा?

साखर ७० च्या खाली आली आणि माणूस शुद्धीवर असेल, तर ३ चमचे साखर पाण्यातून द्या आणि १५ मिनिटांनी परत तपासा. अजूनही कमी असेल तर पुन्हा द्या. शुद्ध हरपली असेल तर तोंडात काही घालू नका, १०८ ला फोन करा. साखर ३०० च्या वर राहतेय आणि सोबत उलट्या, धाप किंवा गुंगी आहे, किंवा मशीनवर HI दिसतंय, तर त्याच दिवशी दवाखाना गाठा.

पट्ट्या महाग असतात, रोज तपासणं सगळ्यांना जमत नाही. वर दाखवल्यासारखं एक दिवस उपाशी आणि दुसऱ्या दिवशी जेवणानंतर, असं डॉक्टरांकडे जाण्याआधी आठवडाभर केलं तरी पुष्कळ कळतं. इन्सुलिन चालू असेल तर किती वेळा बघायचं ते डॉक्टरच सांगतील. घरी मशीन नसेल तर उपकेंद्रात किंवा आशाताईंना विचारा, आणि तिथला आकडाही वेळ टाकून याच वहीत उतरवा.