पाठपुरावा कधी करायचा?

नोकरीसाठी पंधरा-वीस ठिकाणी अर्ज गेले की कुठला कधी केला, हे लक्षात राहत नाही. मग एका कंपनीला घाईने दोनदा मेल जातो आणि दुसरीला एकदाही जात नाही. एका साध्या एक्सेल किंवा गुगल शीटमध्ये हे टाळता येते.

रकाने सहाच पुरेत: A कंपनी, B पद, C अर्ज केल्याची तारीख, D अर्जाची अंतिम मुदत, E सद्यस्थिती आणि F पुढची तारीख. सगळ्यांत कामाचा रकाना शेवटचा. रोज सकाळी F नुसार क्रम लावला की आज कोणाला लिहायचे ते वरच दिसते.

ही तारीख अर्जाच्या दिवसापासून मोजण्याची चूक सर्रास होते. अनेक कंपन्या मुदत संपेपर्यंत अर्ज उघडतच नाहीत. त्यामुळे अर्ज आणि मुदत यांपैकी जी तारीख नंतरची, तिथून कामाचे सात दिवस मोजावेत. F2 मध्ये हे सूत्र लिहा:

```
=WORKDAY(MAX(C2,D2),7)
```

समजा, अकाउंट्स असिस्टंटच्या जागेसाठी 2 जून 2025 ला अर्ज केला आणि मुदत 10 जूनची आहे. अर्जापासून मोजले तर 11 जून येतो, म्हणजे मुदत संपल्याचा दुसराच दिवस. सूत्र 19 जून सांगते. D रिकामा असेल तर मोजणी आपोआप अर्जाच्या तारखेपासून होते. हे सूत्र शनिवार-रविवार वगळते. कंपनी शनिवारी चालू असेल, तर `WORKDAY.INTL(MAX(C2,D2),7,11)` फक्त रविवार वगळते आणि उत्तर 18 जून येते.

उत्तराऐवजी पाच आकडी संख्या दिसली तर त्या रकान्याला तारखेचे स्वरूप द्या. शीट अमेरिकी पद्धतीवर असेल तर 02/06 लिहिल्यावर ती 6 फेब्रुवारी समजते. म्हणून 25/06/2025 लिहून पाहा. ती डावीकडे चिकटली तर शीटने तिला तारीख मानलेले नाही. गुगल शीटच्या सेटिंग्जमध्ये देश भारत करा.

मुलाखतीनंतर नियम बदलतो. ‘शुक्रवारपर्यंत कळवू’ असे सांगितले असेल, तर F मध्ये पुढचा मंगळवार हाताने लिहा. काहीच सांगितले नसेल तर कामाचे पाच दिवस थांबा. पहिल्या मेलला उत्तर नाही आले तर आठवड्याने दुसरा पाठवा. त्यावरही शांतता असेल तर E मध्ये ‘बंद’ लिहा आणि F रिकामा करा.

एमपीएससीसारख्या भरतीत मात्र मेल पाठवून काही हालत नाही. तिथे F मध्ये संकेतस्थळ पुन्हा पाहण्याची तारीख लिहावी.