केस वाढवणारी गोळी आणि गळणारे केस

२०२४च्या डिसेंबरअखेरीस बुलढाणा जिल्ह्यातल्या शेगाव तालुक्यात माणसांचे केस अचानक गळू लागले. बोंडगाव, कालवड, हिंगणा अशा गावांमध्ये आधी डोकं खाजायचं, मग केसांतून हात फिरवला की झुपका हातात यायचा आणि तीन-चार दिवसांत टक्कल पडायचं. यात शाळकरी मुली होत्या, म्हातारी माणसं होती. कुणी पाण्याला दोष दिला, कुणी शाम्पूला, कुणी व्हायरसची आवई उठवली. महाडचे डॉ. हिम्मतराव बावसकर (विंचूदंशावरच्या कामासाठी आपण त्यांना ओळखतो) गावात गेले, त्यांनी रक्त, लघवी, केस आणि घरातला गहू तपासून घेतला. रुग्णांच्या शरीरात सेलेनियम भरमसाट वाढलेलं निघालं आणि त्याचं मूळ बाहेरून आलेल्या रेशनच्या गव्हात आहे, असं निदान त्यांनी मांडलं.

आता हेच सेलेनियम औषधाच्या दुकानात कुठे सापडतं ते बघा. ‘हेअर, स्किन अँड नेल्स’ लिहिलेल्या डबीवर. बायोटिन आणि झिंकच्या शेजारी, केस वाढावेत म्हणून.

गैरसमज : सेलेनियम केसांना लागतं, म्हणजे जास्त घेतलं तर केस जास्त वाढतील.

लागतं हे खरं. पण किती? आयसीएमआरच्या शिफारशीनुसार प्रौढ माणसाला दिवसाला ४० मायक्रोग्रॅम, अमेरिकेच्या हिशेबाने ५५. एका मिलिग्रॅममध्ये हजार मायक्रोग्रॅम असतात, म्हणजे ही मात्रा अगदीच थोडी. रोजच्या पोळी, डाळ, अंडी, मासळीतून बहुतेकांची ती गरज भागते. वर कितीपर्यंत चालेल, याची सुरक्षित मर्यादा अमेरिकेत ४०० मायक्रोग्रॅम धरतात. युरोपच्या अन्नसुरक्षा संस्थेने मात्र २०२३मध्ये आपली मर्यादा २५५वर आणली. गरज आणि मर्यादा यांत अंतर फार नाही. क जीवनसत्त्व थोडं जास्त झालं तर ते लघवीवाटे निघून जातं. सेलेनियमच्या बाबतीत तेवढी सूट नाही.

२५५ हा आकडा कुठून आला, ते मुद्दाम सांगण्यासारखं आहे. २००१मध्ये अमेरिका आणि कॅनडात ‘सिलेक्ट’ नावाची चाचणी सुरू झाली. पस्तीस हजारांहून अधिक पुरुष तिच्यात सहभागी होते आणि प्रॉस्टेटचा कॅन्सर टळतो का, हे बघायचं होतं. सेलेनियम मिळालेल्या गटाला रोज २०० मायक्रोग्रॅमची गोळी होती. कॅन्सर काही टळला नाही. पण त्या गटात केस गळण्याच्या तक्रारी जास्त निघाल्या. जेवणातून येणारं आणि गोळीतलं मिळून या लोकांच्या पोटात रोज साधारण ३३० मायक्रोग्रॅम सेलेनियम जात होतं, म्हणजे अमेरिकेच्या ४००च्या मर्यादेच्या आतच. युरोपीय तज्ज्ञांनी केस गळणं ही विषबाधेची पहिली खूण मानली आणि मर्यादा खाली आणली. आज दुकानात आणि ऑनलाइन सर्रास मिळणारी सेलेनियमची गोळीही २०० मायक्रोग्रॅमचीच असते.

केस का गळतात, याची कारणं केसाच्या घडणीतच आहेत. केस आणि नख केराटिन नावाच्या प्रथिनाचे बनतात आणि केराटिनचे धागे गंधकाच्या सांध्यांनी एकमेकांना घट्ट बांधलेले असतात. सेलेनियम हा गंधकाचा रासायनिक भाऊबंद. तो प्रमाणाबाहेर वाढला की गंधकाच्या जागी घुसतो आणि सांधा कच्चा राहतो, असं मानलं जातं. म्हणूनच सेलेनियमच्या विषबाधेत केसांबरोबर नखंही बिघडतात : ती ठिसूळ होतात, त्यांवर पांढरे पट्टे उमटतात, कधी अख्खं नख सुटून येतं. सोबत श्वासाला लसणाचा वास आणि तोंडात धातूची चव. लसूण न खाताच घरची माणसं ‘वास येतोय’ म्हणू लागली, तर तो विनोदाचा विषय नाही.

गैरसमज : डबीवर लिहिलंय तेवढंच आत असणार.

बहुतेक वेळा असतं. पण २००८मध्ये अमेरिकेत एका द्रवरूप पूरकाच्या एका खेपेत सेलेनियम चुकून लेबलवर लिहिलेल्याच्या दोनशे पट पडलं. लिहिलं होतं एका मात्रेत २०० मायक्रोग्रॅम, प्रत्यक्षात होतं ४० हजारांच्या वर. दहा राज्यांत २०१ माणसं आजारी पडली. त्यांतल्या जवळजवळ तीन चतुर्थांश लोकांना जुलाब, थकवा आणि केसगळती होती, आणि निम्म्याहून अधिक जणांची नखं बिघडली. तब्येत बरी राहावी म्हणून पैसे मोजून घेतलेलं ते पेय होतं. बाटली बंद केल्यावर तीन महिने उलटले तरी काहींचे केस गळतच होते.

गैरसमज : अ जीवनसत्त्व म्हणजे गाजर. त्याने काय होणार?

गाजराने खरंच काही होत नाही. गाजर, पपई, शेवगा, लाल भोपळा यांत बीटा कॅरोटीन असतं आणि शरीर त्याचं गरजेपुरतंच अ जीवनसत्त्व करतं. रोज किलोभर गाजराचा रस प्यायलात तर तळहात पिवळे पडतील, केस पडणार नाहीत.

गोळीतलं अ जीवनसत्त्व वेगळं. डबीच्या मागे रेटिनॉल, रेटिनिल पाल्मिटेट किंवा रेटिनिल ॲसिटेट असं लिहिलं असेल तर ते तयार जीवनसत्त्व आहे आणि शरीराला ते अडवता येत नाही. ते चरबीत विरघळतं, यकृतात साठतं आणि आठवडे-महिने तिथेच राहतं. जास्त झालं की केसाचं मूळ वाढीचा काळ आटोपता घेऊन विश्रांतीत जातं आणि दोन-तीन महिन्यांनी तो केस गळून पडतो. मुरमांवर किंवा सोरायसिसवर रेटिनॉइडची औषधं घेणाऱ्यांचे केस विरळ होतात, तेही याच कुळीतलं.

प्रौढांची गरज दिवसाला सुमारे ८४० ते १००० मायक्रोग्रॅम, मर्यादा ३००० मायक्रोग्रॅम. लेबलवर बहुधा आययू हे जुनं माप असतं, त्यात ही मर्यादा १० हजार भरते. आणि आपल्याकडे औषधाच्या दुकानात २५ हजार आणि ५० हजार आययूच्या कॅप्सूल मिळतात. त्या डॉक्टरांनी ठरावीक दिवसांसाठी लिहून द्यायच्या असतात. केसांसाठी रोज एक, असं कुणी सुरू केलं तर पन्नास हजारांच्या कॅप्सूलमधून मर्यादेच्या पाचपट अ जीवनसत्त्व जाईल. पाच वर्षांखालच्या मुलांना सरकारी कार्यक्रमात दोन लाखांचा डोस देतात ना, असं कुणी विचारेल. देतात, पण सहा महिन्यांतून एकदा, आणि कमतरता टाळण्यासाठी.

अ जीवनसत्त्व वाढल्याचं सेलेनियमपेक्षा वेगळं ओळखू येतं. ओठ फुटतात आणि कितीही लिप बाम लावला तरी भरत नाहीत. त्वचा कोरडी पडते, खाजते, डोकं दुखतं, हाडं दुखतात. गरोदरपणाच्या सुरुवातीला तयार अ जीवनसत्त्व दहा हजार आययूच्या वर गेलं तर बाळात व्यंग येण्याचा धोका असतो, त्यामुळे मूल होऊ देण्याच्या विचारात असलेल्या बाईने हा आकडा आधी बघावा आणि केसांचं नंतर.

गैरसमज : मी प्रत्येक गोळी प्रमाणातच घेते.

सगळ्यात जास्त माणसं इथे फसतात, म्हणून एक हिशेब मांडतो. समजा, तिशीतली एक मुलगी आहे. तिला डेंग्यू झाला आणि दोन महिन्यांनी केस गळू लागले. मोठ्या तापानंतर हे नेहमीचं आहे आणि बहुतेकदा आपोआप थांबतं. पण न्हाणीघरातल्या जाळीवर साठलेला गुंता बघून कोण थांबणार? सकाळी ती मल्टिव्हिटॅमिन घेते : ५००० आययू अ जीवनसत्त्व, ५५ मायक्रोग्रॅम सेलेनियम. दुपारी केसांची कॅप्सूल : आणखी ५००० आणि १००. आतेबहिणीने अमेरिकेहून सेलेनियमची डबी आणली, त्यातली एक : २००. आईच्या आग्रहाने एक चमचा कॉड लिव्हर ऑइल : सुमारे ४५०० आययू. आणि कुठेतरी वाचून दोन ब्राझील नट, एकेकात सुमारे ७० ते ९० मायक्रोग्रॅम सेलेनियम.

बेरीज केली तर सेलेनियम पाचशेच्या आसपास जातं, जेवणातलं अजून धरलेलंच नाही. युरोपच्या मर्यादेच्या जवळजवळ दुप्पट. अ जीवनसत्त्व साडेचौदा हजार आययू, म्हणजे साधारण ४३५० मायक्रोग्रॅम, तेही वर. यातली एकही वस्तू एकटी घेतली तर मर्यादा ओलांडत नाही. डेंग्यूनंतरची गळती थांबायच्या सुमारास ही दुसरी गळती सुरू होते, आणि बाईला वाटतं की गोळ्या कमी पडताहेत. मग ती मात्रा वाढवते.

अशा वेळी डॉक्टरांकडे जाताना सगळ्या डब्या पिशवीत घालून न्याव्यात, कॉड लिव्हर ऑइलची बाटलीसुद्धा. ‘औषध काही घेता का’ विचारल्यावर माणसं ‘नाही’ म्हणतात, कारण पूरकांना ती औषध धरतच नाहीत. सेलेनियमची पातळी रक्तात कळते. अ जीवनसत्त्वाची नेहमीची रक्ततपासणी मात्र दगा देऊ शकते : साठा यकृतात असल्याने रिपोर्ट बरा दिसू शकतो, म्हणून डब्यांवरचा हिशेबच जास्त बोलका. आणि मुळात केस गळत असतील तर आधी हिमोग्लोबिन, फेरिटिन आणि थायरॉइड तपासावं. सेलेनियमची खरी कमतरता आपल्याकडे क्वचितच निघते, लोहाची मात्र बायकांत पावलोपावली.

उतारा म्हणून वेगळं औषध नाही, घेणं बंद करायचं. काही आठवड्यांनी गळती ओसरते, काही महिन्यांत नवे केस येतात. यकृतातलं अ जीवनसत्त्व उतरायला थोडा जास्त वेळ लागतो. सेलेनियमच्या बाबतीत घरबसल्या मोजायची एक पट्टी हातावरच असते. बोटाचं नख महिन्याला साधारण तीन मिलिमीटर वाढतं. नखावर उमटलेला पांढरा पट्टा दर महिन्याला टोकाकडे सरकतोय आणि त्याच्या मागे, मुळाकडे, स्वच्छ गुलाबी नख येतंय, तर कोणत्या महिन्यात गोळी थांबवली तेही त्यावरून मोजता येतं.