तीन हजारांचा फरक किती वर्षं टिकतो?

भोसरीत आयटीआय झालेल्या एका मुलापुढे दोन नोकऱ्या आहेत, असं समजू. एकीत १८,००० पगार. काम म्हणजे सीएनसी मशीनवर जॉब लावायचा, सायकल स्टार्टचं बटण दाबायचं, जॉब काढायचा. दुसरी टूलरूममध्ये, १५,००० वर. पण तिथे सेटिंग, टूल ऑफसेट आणि प्रोग्रॅमिंग शिकवतात.

घरचे पहिलीच सुचवतील. पण पगारवाढ टक्क्यांत मिळते आणि प्रत्येक वाढ आधीच्या वाढीवर चढते. ऑपरेटरला वर्षाला ६ टक्के आणि कसब वाढत जाणाऱ्याला, नोकरी बदलण्यासकट, सरासरी १० टक्के धरू. पाचव्या वाढीनंतर दोघेही २४,१०० च्या आसपास येतात. सुरुवातीला बुडालेले पैसे मात्र दहाव्या वर्षी भरून निघतात. विसाव्या वाढीनंतर एक ५७,७०० वर असतो, दुसरा १ लाखाच्या थोडा पुढे.

ही सगळी मदार त्या १० टक्क्यांवर आहे, आणि ते आपोआप मिळत नाहीत. ‘शिकायला मिळेल’ असं सांगून कमी पगारात राबवून घेणारे पुष्कळ आहेत, याची मला खरंच चीड येते. सहा महिन्यांनी स्वतःलाच विचारावं: नवा जॉब आला तर शून्य बिंदू मी लावतो का? प्रोग्रॅममध्ये बदल करायची मुभा मला आहे का? अजून बटणच दाबत असाल, तर तीन हजार फुकट जात आहेत. दुसरीकडे अर्ज करा. आणि घरावर कर्जाचा हप्ता असेल, तर आधी १८,००० घ्यावेत.