दीडशे मिलिग्रॅम म्हणजे किती मिलिलिटर?

लहान मुलांचे पातळ औषध दोन मापांनी मोजले जाते. औषधाचा जो घटक शरीरावर काम करतो त्याचे वजन मिलिग्रॅममध्ये असते, तर बाटलीतून काढून मुलाला पाजायच्या द्रवाचे माप मिलिलिटरमध्ये असते. डॉक्टर मुलाच्या वजनावरून डोस ठरवतात तो मिलिग्रॅममध्ये. आईबाप घरी मोजतात ते मिलिलिटर. ही दोन मापे जोडणारा तिसरा आकडा म्हणजे औषधाची ताकद, म्हणजे किती मिलिलिटर द्रवात किती मिलिग्रॅम औषध आहे ते. तो बाटलीच्या लेबलवर छापलेला असतो. प्रिस्क्रिप्शनवर या तीनपैकी एकच आकडा असला, की उरलेले दोन दुकानात किंवा घरी अंदाजाने भरले जातात आणि चुका तिथेच होतात.

मोठ्या माणसांच्या गोळ्यांमध्ये हा प्रश्न फारसा येत नाही. पाचशेची एक गोळी म्हणजे पाचशे मिलिग्रॅम. मोजायचे काही नसते. पातळ औषधात मात्र तेच औषध निरनिराळ्या ताकदीत मिळते. एक चमचा साखर अर्ध्या पेल्यात विरघळवली काय आणि भरल्या पेल्यात विरघळवली काय, साखर तेवढीच राहते; पण दोन्हींतला एकेक घोट घेतला तर पोटात जाणारी साखर सारखी नसते.

भारतात जवळजवळ प्रत्येक घरात असणाऱ्या पॅरासिटॅमॉलचे उदाहरण घेतले की हे स्पष्ट होते. तापाचे हे औषध सिरप किंवा सस्पेन्शन म्हणून साधारण ६० मिलिलिटरच्या बाटलीत येते. एका प्रकारात ५ मिलिलिटरमध्ये १२० किंवा १२५ मिलिग्रॅम औषध असते, दुसऱ्यात तेवढ्याच द्रवात २५०. तान्ह्या बाळांसाठी १५ मिलिलिटरच्या छोट्या बाटलीत ड्रॉप्स मिळतात. त्यांत बहुधा १ मिलिलिटरमध्येच १०० मिलिग्रॅम असते. आकडे नुसते वाचले तर अडीचशेचे सिरप सर्वांत जोरकस वाटते आणि शंभरचे ड्रॉप्स सर्वांत सौम्य. पण सिरपचा आकडा ५ मिलिलिटरचा आहे आणि ड्रॉप्सचा एका मिलिलिटरचा. दोन्ही एका मिलिलिटरवर आणले तर १२५चे सिरप २५ मिलिग्रॅमचे ठरते, २५०चे ५० मिलिग्रॅमचे आणि ड्रॉप्स १०० मिलिग्रॅमचे. बाळाची म्हणून सौम्य समजली जाणारी छोटी बाटलीच सर्वांत तीव्र असते. तान्ह्या बाळाच्या तोंडात थोडासाच द्रव जावा म्हणून ती मुद्दाम तशी बनवलेली असते.

आता दहा किलो वजनाचे, वर्षभराचे मूल धरू. पॅरासिटॅमॉलचा नेहमीचा डोस एका वेळी किलोमागे १५ मिलिग्रॅम, म्हणजे या मुलाला १५० मिलिग्रॅम. त्यासाठी १२५चे सिरप ६ मिलिलिटर लागेल, २५०चे ३ मिलिलिटर आणि ड्रॉप्स फक्त दीड मिलिलिटर. डॉक्टरांच्या मनात १२५चे सिरप होते आणि चिठ्ठीवर त्यांनी एवढेच लिहिले: ‘पॅरासिटॅमॉल ६ एमएल, ताप आल्यास’. दुकानात १२५ची बाटली नव्हती, म्हणून केमिस्टने २५०ची दिली. आईने सांगितल्याप्रमाणे बरोबर ६ मिलिलिटर पाजले आणि मुलाच्या पोटात १५०च्या जागी ३०० मिलिग्रॅम गेले. घरात ड्रॉप्सची जुनी बाटली होती म्हणून तीच वापरली असती, तर ६ मिलिलिटरमधून ६०० मिलिग्रॅम गेले असते, म्हणजे चौपट. किलोमागे ६० मिलिग्रॅम ही अख्ख्या दिवसाची नेहमीची मर्यादा धरली, तर या मुलाचा पूर्ण दिवसाचा कोटा एकाच डोसमध्ये संपला असता. असे डोस दर सहा तासांनी चालू राहिले तर यकृताला इजा होऊ शकते. ही इजा लगेच दिसतही नाही. पहिल्या दिवशी थोडी मळमळ किंवा उलटी, किंवा काहीच नाही, आणि तेवढी लक्षणे तापाच्या मुलात कोणालाही खटकत नाहीत.

उलट दिशेने झालेली चूकही अशीच नजरेआड राहते. ड्रॉप्स मनात धरून ‘दीड एमएल’ लिहिले आणि मुलाला १२५चे सिरप दिले गेले, तर पोटात जेमतेम साडेसदतीस मिलिग्रॅम जाते. ताप उतरत नाही, औषध लागू पडत नाही असे वाटते आणि दुसरे औषध सुरू होते.

फक्त मिलिग्रॅम लिहिले तर ताकद बदलल्याचा धोका टळतो, कारण १५० मिलिग्रॅम हे कोणत्याही बाटलीतून १५० मिलिग्रॅमच राहतात. पण मग गणिताचा भार दुकानावर किंवा घरावर पडतो. हवे असलेले मिलिग्रॅम गुणिले पाच, भागिले लेबलवर पाच मिलिलिटरमागे लिहिलेले मिलिग्रॅम: १५० गुणिले ५ भागिले १२५, उत्तर ६. गणित सोपे आहे, पण ते रात्री दोन वाजता, मूल तापाने फणफणत असताना करायचे असते. शिवाय लिहिलेला आकडा तसाच्या तसा दुसऱ्या मापात वाचला जाण्याची भीती राहते. उलटी थांबवणाऱ्या ओन्डान्सेट्रॉनच्या सिरपमध्ये ५ मिलिलिटरला २ मिलिग्रॅम असते. ‘२ एमजी’ घाईत ‘२ एमएल’ वाचले, तर मुलाला ०.८ मिलिग्रॅम मिळते, निम्म्याहूनही कमी. सर्दी-खाजेसाठी दिल्या जाणाऱ्या सेटिरिझिनच्या नेहमीच्या सिरपमध्ये मात्र ५ मिलिलिटरला ५ मिलिग्रॅम असते. तिथे दोन्ही मापांचा आकडा एकच येतो आणि गल्लत झाली तरी बिघडत नाही. अशाच औषधांमुळे ‘एमजी काय, एमएल काय, एकच’ ही सवय लागते, आणि पुढच्या औषधाला ती नडते.

चिठ्ठीवरचे माप आणि हातातले साधन यांचा मेळ नसेल तर काय होते, हे अमेरिकेत २००९च्या स्वाइन फ्लूच्या साथीत दिसले. टॅमिफ्लूच्या पातळ औषधात १ मिलिलिटरला १२ मिलिग्रॅम औषध होते आणि बाटलीबरोबर मिळणाऱ्या सिरिंजवर ३०, ४५ व ६० मिलिग्रॅमच्या खुणा होत्या. डॉक्टर मात्र डोस मिलिलिटरमध्ये किंवा चमच्यांत लिहीत. एका सहा वर्षांच्या मुलीला ‘पाऊण चमचा’ लिहून दिला होता. सिरिंजवर चमच्याची खूण नव्हतीच. पाऊण चमचा म्हणजे पावणेचार मिलिलिटर, त्याला १२ने गुणले की ४५ मिलिग्रॅम, हा हिशेब पालकांनाच जुळवावा लागला. त्याच वर्षी सप्टेंबरमध्ये तिथल्या अन्न व औषध प्रशासनाने इशारा दिला, की चिठ्ठीवरचे माप आणि साधनावरचे माप एकच असले पाहिजे. २०११मध्ये औषधाची ताकद १ मिलिलिटरला ६ मिलिग्रॅम करण्यात आली आणि सिरिंजवर मिलिलिटरच्या खुणा आल्या.

तीनही आकडे असलेली चिठ्ठी अशी दिसते: ‘वजन १० किलो. पॅरासिटॅमॉल सस्पेन्शन, ५ मिलिलिटरमध्ये १२५ मिलिग्रॅम. एका वेळी १५० मिलिग्रॅम, म्हणजे ६ मिलिलिटर. ताप असल्यास, दोन डोसमध्ये किमान सहा तास, दिवसातून जास्तीत जास्त चार वेळा.’ यातले डोस, ताकद आणि माप हे तीन आकडे एकमेकांना बांधलेले आहेत. कोणतेही दोन माहीत असले की तिसरा काढता येतो, आणि तिन्ही लिहिले असले की एक चुकला तर तो उरलेल्या दोघांशी जुळत नाही. केमिस्टकडे २५०ची बाटली असेल तर त्याला लगेच दिसते की ६ मिलिलिटर आता चालणार नाहीत. १५० मिलिग्रॅम कायम ठेवून तो डॉक्टरांना विचारतो आणि बाटलीवर ‘३ मिलिलिटर’ असे लिहून देतो. दशांश चिन्हाची गफलतही अशीच उघडी पडते. ड्रॉप्सच्या चिठ्ठीवरचे ‘१.५’ कोणी ‘१५’ वाचले, तर १५ मिलिलिटरमध्ये १५०० मिलिग्रॅम होतात आणि शेजारी तर १५० लिहिलेले असते. म्हणूनच पूर्णांकापुढे ‘६.०’ असे शून्य लावू नये आणि अर्ध्यासाठी नुसते ‘.५’ न लिहिता ‘०.५’ लिहावे, असा दंडक आहे. टिंब पुसट झाले की पहिल्याचे साठ होतात आणि दुसऱ्याचे पाच. वजन लिहिलेले असेल तर आणखी एक पडताळणी होते: १५० भागिले १० म्हणजे किलोमागे १५, हे दुकानातला फार्मासिस्टही तपासू शकतो.

या पद्धतीच्या मर्यादाही आहेत. मुलाचे वजनच चुकीचे नोंदले गेले, किंवा दिवसभराचा डोस एका वेळचा म्हणून लिहिला गेला, तर मिलिग्रॅम आणि मिलिलिटर एकमेकांशी बरोबर जुळतात आणि दोन्ही चुकीचे असतात. सर्दीच्या मिश्र औषधातही पॅरासिटॅमॉल असेल आणि तापाचे वेगळे दिले जात असेल, तर प्रत्येक चिठ्ठी आपापल्या जागी बरोबर असूनही बेरीज जास्त होते. पावडरच्या रूपात येणाऱ्या अँटिबायोटिकच्या ड्राय सिरपमध्ये लेबलवरची ताकद तेव्हाच खरी असते, जेव्हा पाणी बाटलीवरच्या खुणेपर्यंत घातलेले असते. पाणी कमी पडले तर प्रत्येक मिलिलिटर जास्त तीव्र होतो. सस्पेन्शन न हलवता ओतले तर वरचा भाग पातळ आणि तळचा दाट येतो. आणि मोजायला घरातला चमचा घेतला तर चिठ्ठीवरच्या अचूक आकड्याला अर्थ राहत नाही, कारण स्वयंपाकघरातले चमचे एकसारखे नसतात. मिलिलिटरच्या खुणा असलेली, सुई नसलेली सिरिंज किंवा बाटलीबरोबर आलेले मापच वापरावे लागते. एका औषधाचा ड्रॉपर दुसऱ्याला लावू नये.

घरी बाटली उघडण्यापूर्वी लेबलवरची ‘प्रत्येक ५ मिलिलिटरमध्ये’ किंवा ‘प्रत्येक १ मिलिलिटरमध्ये’ ही ओळ चिठ्ठीवरच्या ताकदीशी ताडून पाहता येते. चिठ्ठीवर नुसतेच मिलिलिटर असतील तर ते कोणत्या ताकदीचे, हे दवाखान्यातून निघण्यापूर्वी विचारून लिहून घेता येते. चूक होऊन गेली असल्यास बाटलीच ते सांगते. दीड मिलिलिटरच्या हिशेबाने १५ मिलिलिटरचे ड्रॉप्स दहा डोस पुरतात; ते तिसऱ्याच डोसला संपले तर काहीतरी चुकले आहे. तसे आढळले तर लक्षणांची वाट न पाहता बाटली आणि चिठ्ठी घेऊन मुलाला रुग्णालयात न्यावे. पॅरासिटॅमॉलवर एन-ॲसिटिलसिस्टीन हा उतारा आहे, आणि तो जितका लवकर मिळेल तितका यकृताचा बचाव अधिक होतो. किती मिलिलिटर, किती वेळा आणि कोणत्या ताकदीचे औषध गेले, हे समजले की डॉक्टरांना एकूण मिलिग्रॅम काढता येतात, आणि उतारा द्यायचा की नाही हे त्यावर ठरते.