शेवटच्या बाकापर्यंत पोचणारा आवाज

मी हायस्कूलमध्ये इतिहास शिकवते. वर्गात अडुसष्ट मुलं, डोक्यावर चार पंखे आणि खिडकीखाली रस्ता. काही वर्षांपूर्वी दर शुक्रवारी पाचव्या तासाला माझा आवाज चिरकायचा, शनिवारी घसा बसलेला असायचा आणि रविवारभर मी घरात खुणांनी बोलायचे. शिक्षकाच्या पेशात हे चालायचंच, असं सगळे म्हणत. शेवटी कान-नाक-घसा तज्ज्ञांनी मला वाक्-उपचारतज्ज्ञांकडे पाठवलं. त्यांचा पहिलाच प्रश्न होता, “शाळेत पहिलं वाक्य बोलण्याआधी तुम्ही आवाजासाठी काय करता?” मी काहीच करत नव्हते.

घशात स्वरयंत्राच्या आत दोन स्वरपट्ट्या असतात, जेमतेम नखाएवढ्या लांबीच्या. फुप्फुसातली हवा वर येताना त्या थरथरतात, एकमेकींवर आपटतात आणि आवाज तयार होतो. बाईच्या बोलण्यात हे सेकंदाला साधारण दोनशे वेळा घडतं, पुरुषाच्या बोलण्यात शंभर-सव्वाशे वेळा. पस्तीस मिनिटांच्या तासात थांबे, फळ्यावरचं लेखन, मुलांची उत्तरं वगळून माझा आवाज प्रत्यक्षात बारा मिनिटं चालतो असं धरलं, तरी एका तासात एक लाख चव्वेचाळीस हजार आपट होतात. सहा तासांचे साडेआठ लाखांवर जातात. ओरडताना पट्टी वर चढते, म्हणजे आपटींची संख्या वाढते आणि प्रत्येक आपट जोराची होते. दिवसेंदिवस असं होत राहिलं की पट्ट्यांना सूज येते. पुढे त्यांच्या कडांवर छोट्या गाठीही येऊ शकतात.

म्हणून सुरुवात करायची ती पट्ट्यांवरचा मार कमी करण्यापासून, आणि त्याला लागते एक स्ट्रॉ. फिनलंडमध्ये आन्टी सोविजार्वी यांनी १९६०च्या दशकात काचेची नळी पाण्यात बुडवून तिच्यातून आवाज काढण्याचा व्यायाम रूढ केला. पुढे अमेरिकेतले आवाजशास्त्रज्ञ इंगो टिट्झ यांनी साध्या स्ट्रॉमागचं शास्त्र उलगडून ती जगभर पोचवली. अरुंद नळीतून हवा सहज बाहेर पडत नाही, त्यामुळे तोंडात आणि घशात थोडा दाब साठतो. तो दाब वरून स्वरपट्ट्यांना किंचित दूर सारतो. पट्ट्या थरथरतात, पण हलक्या हाताने टाळी वाजावी तशा. भ्रामरी प्राणायामात ओठ मिटून गुंजन करताना घसा सैल वाटतो, तोही याच जातीचा अनुभव.

माझा रोजचा क्रम पाच मिनिटांचा आहे. अर्धा पेला पाणी घ्यायचं आणि शीतपेयाची साधी स्ट्रॉ त्यात दोन-तीन सेंटिमीटर बुडवायची. आधी खांदे दोन-तीनदा फिरवायचे, जबडा सैल सोडायचा. ओठ स्ट्रॉभोवती मिटून नुसती फुंकर घालायची आणि बुडबुडे एकसारखे येतात का पाहायचं. मग त्याच फुंकरीत बोलण्याच्या पट्टीतला “ऊ” मिसळायचा, पाच-सहा सेकंद. असं दहा वेळा. त्यानंतर आवाज खालून वर आणि वरून खाली घसरवत न्यायचा, भोंग्यासारखा, पण हळू. शेवटी आवडत्या गाण्याची एखादी चाल स्ट्रॉतूनच गुणगुणायची.

जमतंय की नाही हे बुडबुडेच सांगतात. वर जाताना ते अडखळले, तर श्वास तुटतोय किंवा घसा आवळतोय. तेव्हा आणखी वर चढायचं नाही. मधेच एकदा नाक चिमटीत धरून पाहावं. आवाज बदलला, तर हवा नाकातून निसटतेय आणि दाब साठत नाही. घशात ओढ वाटली, तर स्ट्रॉ पाण्यात कमी बुडवायची. जोर लावायचा नाही. मी पहिल्या आठवड्यात गाल लाल होईस्तोवर फुंकत होते, त्याने फायद्याऐवजी थकवा आला.

आता स्ट्रॉ बाजूला. ओठ मिटून “म्म्म” म्हणायचं आणि ओठांवर, नाकाच्या मुळाशी झिणझिण जाणवते का ते शोधायचं. ती सापडली की तिच्याच आधाराने “मामा”, “नमन”, “मनमाड” असे शब्द आधी सुरात आणि मग साध्या बोलण्यात म्हणायचे. शब्दातही ती झिणझिण टिकली, तर घशावर भार न टाकता आवाज खणखणीत होतो. फेकलेला आवाज म्हणतात तो हाच. पहिल्या तासाची हजेरी मी याच आवाजात घेते.

तरीही वर्गात शिरलं की जुनी सवय डोकं वर काढते. १९११मध्ये फ्रेंच वैद्य एत्येन लोंबार यांनी दाखवून दिलं, की भोवतीचा गोंगाट वाढला की माणूस नकळत आवाज चढवतो. आपण चढवला की मुलंही चढवतात. म्हणून वर्गाच्या गलक्यावरून मी बोलतच नाही. दोन टाळ्या, शांतता आणि मगच पहिलं वाक्य.

ओरडण्यात आणखी एक तोटा आहे. ओरडून फुगतात ते स्वर. व्यंजनं दुबळीच राहतात. पंख्याच्या घरघरीत शेवटच्या बाकावर “पाच”, “सात” आणि “आठ” यांतला फक्त “आ” पोचतो आणि मुलं चुकीचं पान उघडतात. पान क्रमांक सांगताना मी आता आवाज वाढवत नाही. वेग कमी करते, प आणि च नीट उमटवते आणि फळ्याकडे पाठ करूनच बोलते. महत्त्वाचं वाक्य बाकांच्या मधोमध उभी राहून सांगते. अंतर अर्धं झालं की तेवढाच आवाज पुष्कळ जास्त ऐकू येतो.

दिवसभर घोट घोट पाणी पिते. पाणी अन्ननलिकेतून जातं, स्वरपट्ट्यांना थेट लागत नाही. शरीरात मुरूनच त्या ओलसर राहतात. त्यामुळे घसा बसल्यावर गटागटा प्यायलेलं पाणी लगेच कामी येत नाही. खाकरणं म्हणजे पट्ट्या एकमेकींवर घासणं, त्याऐवजी एक घोट गिळावा. बसलेल्या घशाने कुजबुजूही नये, त्यातही पुष्कळजण घसा आवळतात. शेवटच्या तासानंतर मी दोन मिनिटं पुन्हा स्ट्रॉ धरते, फक्त वरून खाली येणारे सूर काढत.

या व्यायामाला मर्यादा आहेत. संध्याकाळी थकलेला आवाज रात्रीच्या विश्रांतीने सकाळी मोकळा झाला, तर काळजीचं कारण नाही. सकाळीही तो घोगराच असेल आणि तीन आठवडे तसाच राहिला, तर स्ट्रॉवर विसंबू नये. दुर्बिणीने स्वरपट्ट्या तपासून घ्याव्यात. ओरडताना आवाज एकदम गेला, तर पट्टीत रक्तस्राव झालेला असू शकतो. तेव्हा बोलणं तिथेच थांबवून डॉक्टरांकडे जायचं.

आणि साठ-सत्तर मुलांच्या वर्गात कमरेला लावायचा छोटा माईक वापरण्यात कमीपणा नाही. माझ्या उपचारतज्ज्ञांनी पहिल्याच भेटीत तो सुचवला होता, मी मात्र तो वर्षभर टाळला. आज खालच्या मजल्यावर, रस्त्याकडच्या वर्गात मी तो लावते. वरच्या शांत वर्गात लागत नाही. शनिवारी सकाळी घरच्यांना हाक मारते तेव्हा आवाज जागेवर असतो.